अमेरिकेत मुलांकडे राहायला जाताय? पौंड, कप आणि डॉलरचे हिशेब फोनवर असे करा

मुलीकडे न्यू जर्सीला राहायला गेले की पहिले काही दिवस आकडेच अंगावर येतात. डाळीची पिशवी पौंडात, दूध गॅलनमध्ये, ओव्हन फॅरनहाइटमध्ये, गाडी मैलात आणि किंमत डॉलरमध्ये, तीही कर सोडून. मुलं दिवसभर कामावर असतात, त्यामुळे दर वेळी त्यांना विचारणं जमत नाही. त्याची गरजही नाही, कारण हे सगळे हिशेब हातातल्या फोनवर होतात. फोनला काय विचारायचं एवढं मात्र नीट माहीत हवं. गुणाकार-भागाकार तो चोख करतो. पण तुम्ही वजनाच्या जागी चुकून आकारमानाचं माप निवडलंत, तर त्याचंही तितकंच चोख उत्तर तो देतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं न्यू जर्सीची आहेत, कारण मला तिथलं माहीत आहे. दुसऱ्या राज्यात कराचा आकडा बदलेल, रीत हीच राहील.

## सोबत काय हवं

- फोन, आणि त्यातला कॅल्क्युलेटर पहिल्या पडद्यावर आणून ठेवलेला
- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा (मुलांकडे बहुतेक असतोच, नसला तर आधी तो घ्यायला लावा)
- मेजरिंग कप आणि चमच्यांचा संच
- घरची नेहमीची एक वाटी
- परदेशात वापरायच्या कार्डाचं शुल्कपत्रक, किंवा फॉरेक्स कार्ड भरताना मिळालेली पावती

## १. फोनमध्ये काय कुठे आहे ते निघण्यापूर्वी पाहून ठेवा

आयफोनवर आयओएस १८ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर कॅल्क्युलेटरमध्येच सगळं आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यातलं कॅल्क्युलेटरचं छोटं चिन्ह दाबा आणि `Convert` चालू करा. मग एककाच्या नावावर बोट टेकवलं की यादी उघडते. वजन, लांबी, तापमान आणि चलन असं सगळं त्यात सापडतं.

सॅमसंगच्या कॅल्क्युलेटरमध्ये पट्टीचं चिन्ह असतं, ते दाबलं की एककं बदलण्याचा भाग उघडतो. शेजारचं घड्याळाचं चिन्ह मागचे हिशेब दाखवतं. बाकीच्या अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीप्रमाणे फरक असतो, आणि काहींत फक्त साधा कॅल्क्युलेटरच असतो. तसं असेल तर इंटरनेट सुरू करून गूगलच्या शोधपट्टीत असं लिहा:

```
4 lb in kg
350 f in c
40 usd in inr
```

उत्तर वरच दिसतं. `lb` म्हणजे पौंड, `oz` म्हणजे औंस, `f` आणि `c` म्हणजे फॅरनहाइट आणि सेल्सिअस. ही चार चिन्हं ओळखीची झाली की अमेरिकेतली बहुतेक पाकिटं वाचता येतात.

## २. आपला कॅल्क्युलेटर कसा मोजतो ते दोन चाचण्यांनी तपासा

पहिली चाचणी टक्क्याच्या कळीची. हे टाइप करा:

```
100 + 10 % =
```

उत्तर ११० आलं तर तुमचा फोन ‘शंभरावर दहा टक्के’ असं समजतो. १००.१ आलं तर तो दहा टक्के म्हणजे नुसता ०.१ धरतो. तसं असेल तर टक्क्याच्या कळीच्या नादी लागू नका. दहा टक्के वाढवायचे तर सरळ १.१ ने गुणा, वीस टक्के सूट काढायची तर ०.८ ने गुणा. ही पद्धत कुठल्याही फोनवर बरोबर उत्तर देते, म्हणून पुढे मी तीच वापरली आहे.

दुसरी चाचणी क्रमाची:

```
2 + 3 × 4 =
```

फोन १४ दाखवेल, कारण तो शाळेतल्या नियमाप्रमाणे आधी गुणाकार करतो. किराणा दुकानातला साधा छोटा कॅल्क्युलेटर बहुधा २० दाखवतो, कारण तो दाबाल तसतसं पुढे मोजत जातो. ज्यांची सवय त्या दुकानातल्या कॅल्क्युलेटरची आहे त्यांचा हिशेब इथे चुकतो. दोन वस्तूंची बेरीज करून त्यावर कर लावायचा असेल, तर बेरीज कंसात घाला किंवा बेरीज करून `=` दाबा आणि मगच गुणा. कंस विसरला तर कर फक्त शेवटच्या वस्तूवर लागतो. उत्तर फार वेगळं दिसत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

## ३. स्वयंपाक: कप हे वजन नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून या भागाला जरा वेळ द्या.

आपण मैदा, साखर ग्रॅममध्ये मोजतो. अमेरिकन पाककृतीत आणि भांड्यांत कप असतो. अमेरिकन कप म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर, म्हणजे ती जागा आहे, वजन नाही. त्या जागेत मैदा भरला तर साधारण १२५ ग्रॅम मावतो, साखर भरली तर २०० ग्रॅम, पिठीसाखर भरली तर १२० ग्रॅम आणि तूप भरलं तर सुमारे २१५ ग्रॅम. म्हणून फोनचा कन्व्हर्टर ग्रॅमवरून कपावर जाऊ देत नाही. दोन्ही वेगवेगळ्या यादीत असतात. कप शोधता शोधता माणूस आकारमानाच्या यादीत जातो, २५० मिलिलिटर टाकतो, १.०६ कप असं उत्तर मिळतं आणि ‘२५० ग्रॅम म्हणजे एक कप’ असं धरून चालतो. पाण्याला आणि जवळपास दुधालाही हे लागू पडतं. मैद्याला बिलकुल नाही.

नानकटाईचं उदाहरण घेऊ. घरचं प्रमाण समजा असं आहे: मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम. प्रत्येक वस्तूला तिच्या स्वतःच्या कपाच्या वजनाने भागायचं.

```
250 ÷ 125 = 2
125 ÷ 120 = 1.04
150 ÷ 215 = 0.70
```

म्हणजे मैदा २ कप, पिठीसाखर १ कप आणि वर किंचित, तूप पाऊण कपापेक्षा थोडं कमी. तिन्हीला सरसकट २३७ ने भागलं असतं तर मैदा जेमतेम एक कप पडला असता आणि तूप जवळजवळ तेवढंच राहिलं असतं. अशा पिठाचा गोळा वळत नाही, हाताला तूप सुटत राहतं आणि ओव्हनमध्ये नानकटाई पसरून सपाट होते. गोळा वळताना तूप सुटतंय असं दिसलं तर भाजायच्या आधीच थांबा आणि मैद्याचं माप पुन्हा तपासा.

मैद्याचा कप भरण्याचीही रीत आहे. कप पिठात खुपसून भरला तर पीठ दाबलं जातं आणि १४०-१५० ग्रॅमपर्यंत जातं. चमच्याने हलकेच भरा आणि वरून सुरीच्या पाठीने सपाट करा. खरं तर वजनकाटा असेल तर कपाकडे वळूच नका. काट्यावर रिकामं भांडं ठेवून `TARE` दाबा, आकडा शून्य होतो, मग ग्रॅम पाहत वस्तू घाला. काटा औंस दाखवत असेल तर त्यावर एकक बदलायचं बटण असतं.

वाटीचं माप एकदाच काढून ठेवा. आपल्या कितीतरी पाककृती वाटीच्या असतात, आणि दर घरची वाटी वेगळी. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर तुमची वाटी. समजा १५० आलं. मग एक अमेरिकन कप म्हणजे २३७ ÷ १५०, साधारण दीड वाटीहून थोडा जास्त. हा आकडा फोनच्या नोट्समध्ये लिहा. आणि शक्य असेल तर ती वाटीच बॅगेत टाका, पुढचे सहा महिने भाकरीच्या पिठापासून शिऱ्यापर्यंत प्रश्न येत नाही.

ओव्हनचं तापमान. आपल्याकडची कृती १८० अंश सेल्सिअस म्हणते. कन्व्हर्टरमध्ये उत्तर येतं ३५६ फॅरनहाइट. ओव्हन ३५० वर लावा, एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. पंख्याचा म्हणजे कन्व्हेक्शन ओव्हन असेल तर २५ अंश कमी ठेवतात. कन्व्हर्टरमध्ये वरचा आणि खालचा रकाना उलटा झाला तर १८० फॅरनहाइटचे ८२ सेल्सिअस होतात. ही चूक ओळखायला सोपी आहे: ताप मोजताना आपण ९८.६ म्हणतो तो फॅरनहाइटच, आणि सेल्सिअसमध्ये तो ३७ असतो. ओव्हनच्या हिशेबात फॅरनहाइटचा आकडा नेहमीच मोठा यायला हवा.

प्रमाण वाढवताना, म्हणजे बारा जणांची कृती तीस जणांसाठी करताना, ३० ÷ १२ = २.५ काढा आणि प्रत्येक वस्तूला २.५ ने गुणा. तिखट-मीठ मात्र आधी दुप्पटच घाला आणि चव पाहून वाढवा. वेळेला तर गुणायचंच नाही: नानकटाईचे ट्रे वाढले तरी एका ट्रेला लागणारा वेळ तोच राहतो.

## ४. दुकानात: तुलना करायची तर एकक एकच करा

एडिसन-आयसलिनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानात जा नाहीतर मोठ्या अमेरिकन दुकानात, पाकिटं वेगवेगळ्या वजनांची असतात. तूरडाळ ४ पौंडांची पिशवी समजा ७.९९ डॉलरला आणि ८ पौंडांची १४.९९ ला आहे. इथे किलो काढत बसू नका. दोन्ही पौंडातच आहेत, तर पौंडाचाच भाव काढा:

```
7.99 ÷ 4 = 1.9975
14.99 ÷ 8 = 1.87375
```

मोठी पिशवी पौंडामागे बारा सेंटने स्वस्त आहे. आता ती सहा महिन्यांत संपेल का, हे तुम्हीच ठरवा.

एका पाकिटावर औंस आणि दुसऱ्यावर पौंड असेल तर एक पौंड म्हणजे १६ औंस एवढं लक्षात ठेवा. २८ औंसांचं पाकीट ४.४९ ला आणि २ पौंडांचं ४.९९ ला असेल, तर दुसरं ३२ औंसांचं झालं. भागाकार केला की दोन्ही औंसामागे सोळा सेंटच्या आसपास येतात, म्हणजे फरक नगण्य आहे. ज्याची डाळ चांगली दिसते ते घ्या.

कपाटाच्या कडेला भावाच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत औंसाचा किंवा पौंडाचा भाव बरेचदा छापलेलाच असतो, तो आधी पाहा. फक्त एक सापळा आहे: `oz` आणि `fl oz` वेगळे. पहिला वजनाचा औंस, सुमारे २८ ग्रॅम. दुसरा द्रवाचा, सुमारे ३० मिलिलिटर. दह्याच्या डब्यावर पहिला असतो आणि तेलाच्या बाटलीवर दुसरा. कन्व्हर्टरमध्ये औंस निवडताना तुम्ही वजनाच्या यादीत आहात की आकारमानाच्या, ते वर पाहून घ्या. गॅलनचंही तसंच आहे. यादीत अमेरिकन आणि ब्रिटिश असे दोन गॅलन असतात. अमेरिकन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. दुधाच्या कॅनसाठी पहिला निवडायचा.

पुण्याच्या भावाशी ताडून पाहायचं असेल तेव्हाच किलो काढा. ४ पौंड म्हणजे १.८१४ किलो, तर ७.९९ ÷ १.८१४ म्हणजे किलोला ४.४० डॉलर.

## ५. कर आणि टिप

कपाटावरची किंमत ही द्यायची किंमत नसते. विक्रीकर काउंटरवर लागतो आणि तो राज्याप्रमाणे, कधी शहराप्रमाणेही बदलतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. न शिजवलेल्या वाणसामानावर आणि कपड्यांवर तिथे कर नाही. प्रवासी बॅगेवर, भांड्यांवर, हॉटेलातल्या जेवणावर आहे. ऑरेगनसारख्या राज्यात विक्रीकर मुळीच नाही. म्हणून मुलांना एकच प्रश्न विचारून ठेवा: इथला टक्का किती?

समजा ३९.९९ डॉलरची बॅग आणि २४.९९ ची कढई घेतली.

```
(39.99 + 24.99) × 1.06625 = 69.28
```

कंस विसरलात तर ६६.६४ दिसेल, आणि काउंटरवर जास्त घेतले असं वाटेल.

हॉटेलात बसून जेवलात तर टिप वेगळी द्यायची असते, आणि १८ टक्के धरले तर कोणाला कमी वाटत नाही. टिप कराआधीच्या रकमेवर काढायची. साठ डॉलरचं जेवण झालं तर:

```
60 × 1.06625 + 60 × 0.18 = 74.775
```

इथे कंस लागत नाही, कारण फोन दोन्ही गुणाकार आधी करतो. बिलाच्या खाली टिपेचे तयार आकडे छापलेले असतात. ते कधी कधी करासकट रकमेवर काढलेले असतात, म्हणून आपला आकडा ताडून पाहा. मोठ्या गटाच्या बिलात `gratuity` अशी ओळ आधीच असेल तर टिप त्यातच आली आहे, पुन्हा द्यायची नाही.

## ६. रुपयांत किती? स्वतःचा दर बांधा

चलन कन्व्हर्टर जो दर दाखवतो तो बाजारातला मधला दर असतो. त्या दराने तुम्हाला-मला डॉलर मिळत नाहीत. भारतीय बँकेचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड परदेशात वापरलं की बँक आपलं परकीय चलनाचं शुल्क लावते. पुष्कळ कार्डांवर ते २ ते ३.५ टक्के असतं, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. तुमच्या कार्डाचा आकडा शुल्कपत्रकात असतो.

हिशेब सोपा पडावा म्हणून कन्व्हर्टरचा दर ९० रुपये आणि शुल्क ३.५ टक्के धरू.

```
3.5 × 1.18 = 4.13
90 × 1.0413 = 93.717
```

तुमचा खरा दर पावणेचौऱ्याण्णव रुपये. वरच्या बॅग-कढईचं बिल कन्व्हर्टरवर ६,२३५ रुपये दिसेल, पण खात्यातून ६,४९३ च्या आसपास जातील. म्हणून मी सांगेन, ९४ हा आकडा नोट्समध्ये लिहून ठेवा आणि दुकानात साध्या कॅल्क्युलेटरवर किमतीला ९४ ने गुणा. इंटरनेट लागत नाही, आणि उत्तर खऱ्याच्या जवळ येतं. आठ-दहा दिवसांनी कन्व्हर्टरचा दर पाहून हा आकडा सुधारा. बँक व्यवहार दोन-तीन दिवसांनी नोंदवते आणि दर त्या दिवसाचा लागू शकतो, त्यामुळे थोडाबहुत फरक पडणारच.

फॉरेक्स कार्ड नेलं असेल तर आणखी सोपं. कार्ड भरताना शुल्क आणि करासकट एकूण किती रुपये गेले, त्याला मिळालेल्या डॉलरने भागा. १,००० डॉलरसाठी ९२,४०० रुपये गेले असतील तर तुमचा दर ९२.४. ते डॉलर संपेपर्यंत बाजारात काहीही होवो, हा दर बदलत नाही.

इंटरनेट नसताना फोनचा चलन कन्व्हर्टर शेवटचा साठवलेला दर दाखवतो. विमानातून उतरल्या उतरल्या त्यावर विसंबू नका. दराच्या आसपास तारीख दिलेली असते, ती पाहा.

आणि कार्ड यंत्रात घातल्यावर किंवा एटीएमवर ‘रुपयांत द्यायचे की डॉलरमध्ये’ असं विचारलं, तर डॉलर निवडा. रुपये निवडले की दर त्या यंत्राच्या बाजूने ठरतो, आणि तो बहुधा तुमच्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. पडद्यावर ओळखीचे रुपये दिसले की बरं वाटतं, पण तेच महागात जातं.

## ७. प्रवास: गाडी, बॅग आणि नायगारा

परतीची बॅग भरताना तिकिटावर २३ किलो लिहिलेलं असतं आणि मुलांच्या घरचा काटा पौंड दाखवतो. २३ किलो म्हणजे ५०.७ पौंड. ५० ला थांबा. बॅग काट्यावर नीट बसत नसेल तर आधी स्वतः उभे राहून वजन बघा, मग बॅग हातात घेऊन, आणि वजाबाकी करा.

नायगारा बहुतेकांच्या यादीत असतोच. एडिसनहून तो सुमारे ४०० मैल, म्हणजे कन्व्हर्टरवर ६४४ किलोमीटर. गाडी गॅलनमागे ३० मैल देते असं जावई म्हणाले, तर तो आकडा ०.४२५ ने गुणा. १२.७५ येईल, म्हणजे लिटरमागे पावणेतेरा किलोमीटर. आता आपल्याला तो अंदाज कळतो. खर्च काढायला मात्र मैल आणि गॅलनमध्येच राहा. गॅलनचा भाव समजा ३.२० डॉलर:

```
400 ÷ 30 × 3.20 = 42.67
```

एका बाजूचे ४३ डॉलर झाले, जाऊन-येऊन ८६. टोल वेगळा.

व्हिसा काढून कॅनडाच्या बाजूला जाणार असाल तर पुलापलीकडे तिन्ही मापं बदलतात. डॉलरचं चिन्ह तेच राहतं, पण तो कॅनेडियन डॉलर असतो. कन्व्हर्टरच्या यादीत डॉलर बरेच आहेत, म्हणून चिन्ह न पाहता तीन अक्षरं पाहा: अमेरिकेचा `USD`, कॅनडाचा `CAD`. तिथल्या किमतीला ९४ ने गुणायचं नाही, `CAD` चा दर घेऊन वरच्यासारखंच शुल्क चढवायचं. पेट्रोल लिटरमध्ये मिळतं. आणि रस्त्यावरच्या पाटीवर १०० दिसलं तर ते किलोमीटर आहेत, म्हणजे ६२ मैल. अमेरिकन गाडीच्या तबकडीवर मोठे आकडे मैलांचे असतात, म्हणून गाडी चालवणाऱ्याने तिथे आतले बारीक आकडे वाचायचे.